पाय तडकलेली प्लास्टिकची खुर्ची: कोणती जोडायची, कोणती मोडीत काढायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे मावशीच्या घरी हातांच्या दोन प्लास्टिक खुर्च्या आहेत. एकाच दुकानातून एकदमच आणलेल्या, एकाच साच्यातल्या. दोन्हींच्या मागच्या एकेका पायाला तडा गेला. पहिलीचा तडा पायाच्या तळापासून सरळ वर चढलेला, चांगला ६ सेंटिमीटर लांब, उंबऱ्यातूनही दिसणारा. दुसरीचा तडा पाय जिथं बैठकीला मिळतो तिथं, कडेपासून आडवा आत गेलेला, जेमतेम २ सेंटिमीटरचा. मावशीनं पहिली खुर्ची भंगारवाल्यासाठी बाजूला काढली होती आणि दुसरी सोप्यात ठेवली होती, आल्यागेल्याला बसायला. "येवढासा तर तडा हाय की, त्याला काय हुतंय?" असं तिचं म्हणणं.

मी उलटं सांगितलं. मोठ्या तड्याची खुर्ची दुरुस्त होईल, लहान तड्याच्या खुर्चीवर आजपासून कुणी बसायचं नाही. तिला ते पटायला वेळ लागला, आणि त्यात तिची चूक नाही. तड्याची लांबी डोळ्यांना दिसते. त्या जागी पायावर किती जोर येतो, हे दिसत नाही.

पाय दबून मोडत नाही, वाकून मोडतो

७० किलोचा माणूस खुर्चीवर शांत बसला तर एका पायावर सरासरी १७-१८ किलो येतात. पुढचे पाय उचलून मागे रेलला की सगळा भार मागच्या दोन पायांवर जातो, म्हणजे एकेकावर ३५ किलो. धपकन बसला तर क्षणभर त्याहूनही बराच जास्त. तरीही हा भार सरळ खाली जात असेल तर प्लास्टिकचा पाय तो सहज पेलतो.

त्रास होतो तो पाय बाहेर फाकतात तेव्हा. या खुर्च्यांचे पाय मुळातच थोडे तिरके असतात. बसलं की ते बाहेर सरकू बघतात. सारवलेल्या किंवा खरबरीत जमिनीवर पायाचं टोक अडून राहतं. गुळगुळीत टाइल्सवर, त्यातही ओल्या, ते अडत नाही आणि पाय वाकायला लागतो. जुन्या घरात वर्षानुवर्षं टिकलेली खुर्ची नव्या घरातल्या चकचकीत फरशीवर आणल्यावर काही महिन्यांत तडकते, त्यामागं बऱ्याचदा हेच कारण असतं.

आता थोडा हिशेब. समजा मागं रेलताना पायाच्या टोकाला बाजूनं ५ किलोचा रेटा बसला. तळापासून ८ सेंटिमीटर उंचीवर त्याचा वाकवणारा जोर होतो ५ गुणिले ८, म्हणजे ४०. बैठकीजवळ, ४० सेंटिमीटर उंचीवर, तोच जोर होतो ५ गुणिले ४०, म्हणजे २००. रेटा तोच, पाय तोच, पण वरच्या सांध्याला खालच्या भागाच्या पाचपट जोर सोसावा लागतो. म्हणून कंपनी तिथं प्लास्टिक जाड ठेवते, वळण गोलसर देते, आतून फासळ्या काढते. तेवढं करूनही पाय मोडतो तो बहुतेक वेळा तिथंच.

दुसरी गोष्ट तड्याच्या दिशेची. कापडाच्या दुकानात मीटरभर कापड मोजून झालं की दुकानदार कडेला कात्रीनं बारीकसा छेद देतो आणि उरलेलं हातानं टर्रकन फाडतो. छेद दिल्यावर सगळा ताण त्या छेदाच्या टोकाशी गोळा होतो. प्लास्टिकच्या कडेला गेलेला आडवा तडा असाच छेद असतो. पाय दर वेळी वाकला की त्याच्या टोकाशी ताण साचतो आणि तडा केसाएवढा पुढं सरकतो. शेकडो वेळा बसून-उठून तो हळूहळू चालतो, आणि उरलेली जाडी पुरेनाशी झाली की एका बसण्यात आरपार जातो. आधी आवाज होईल, पाय डुगडुगेल, मग मोडेल, असं काही नक्की नसतं.

पहिल्या खुर्चीचा तडा पायाच्या लांबीनं गेला आहे. वाकवणारा जोर त्याला उघडायला कमी मदत करतो, आणि तो जिथं आहे तिथं मुळात जोरही कमी. म्हणून तो लांब असून परवडतो. एक अट मात्र आहे. या खुर्च्यांचा पाय बहुधा काटकोनात वळलेल्या पट्टीसारखा असतो आणि त्याची ताकद त्या वळणातच असते. तडा वळणाच्या रेषेनं चढत चढत पायाच्या निम्म्या उंचीच्या वर गेला, की पायाच्या जागी दोन चपट्या पट्ट्या उरतात. तशी खुर्ची मी दुरुस्तीला घेणार नाही.

प्लास्टिकमध्ये अजून जीव आहे का?

तडा कुठंही असो, आधी प्लास्टिक तपासावं लागतं. जुनाट, ठिसूळ झालेल्या प्लास्टिकला कितीही चांगला जोड द्या, तो जोडाच्या शेजारी फुटतो.

या खुर्च्या बहुतेक करून पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खाली बघा, बाणांच्या त्रिकोणात ५ चा आकडा आणि जवळ ‘पीपी’ ही अक्षरं सापडतात. स्वस्त खुर्चीत याच प्लास्टिकमध्ये खडूची पूड आणि पुन्हा वितळवलेला जुना माल मिसळलेला असतो. पूड थोडी असेल तर बिघडत नाही, उलट खुर्ची ताठ राहते. जास्त झाली की प्लास्टिक वाकायच्या ऐवजी तुटू लागतं.

आमच्या पट्ट्यात, विशेषतः खानापूरकडे पाऊस इतका की खुर्ची खराब झाली की दोष पावसावर जातो. "भिजून भिजून कुजली," असं सर्रास ऐकू येतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही. चार महिने भिजून त्याला काही होत नाही. त्याचा वैरी आहे ऊन. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतात. आधी वरचा पापुद्रा जातो, त्यावर बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगा आतल्या चांगल्या प्लास्टिकमध्ये शिरायला वाट करून देतात. खुर्ची पावसाळ्यात बाहेर राहिली यापेक्षा फेब्रुवारी ते मे परड्यात राहिली, हे जास्त महाग पडतं.

तपासायचं असं. गडद रंगाचं ओलं फडकं पायावर जोरात घासा. पहिल्यांदा धूळ येईल, ती धुऊन पुन्हा घासा. तरीही फडक्यावर पांढरी पूड येत राहिली तर वरचा थर उन्हानं मेला आहे. नंतर बैठकीच्या खालच्या कडेचा, कुणाला दिसणार नाही असा, धारदार सुरीनं एक पातळ काप काढा. पेन्सिलला टोक करताना निघतो तसा लांब, वळणारा काप निघाला आणि बोटांत दुमडला तरी तुटला नाही, तर प्लास्टिक जिवंत आहे. काप न निघता भुगा पडला किंवा दुमडताच कट्‌कन तुटला, तर पुढं काही करायचं नाही. हाच काप पाण्यात टाकून बघता येतो. चोख पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, खडूची पूड बरीच असलेलं बुडतं. काप बुडाला म्हणून लगेच खुर्ची टाकू नका, पण तशा खुर्चीच्या दुरुस्तीवर मी फार भरवसा ठेवत नाही.

रंगीत खुर्चीत आणखी एक खूण असते. सांध्याजवळ तडा नाही, पण रंग दुधाळ पांढरट झाला आहे, असं दिसलं तर ते प्लास्टिक ताणलं जाऊन हद्दीवर आलं आहे. अशी खुर्ची अजून मोडलेली नाही, एवढंच. तिला गुळगुळीत फरशीवरून हलवा, आणि जड माणसाला दुसरी द्या.

मावशीच्या पहिल्या खुर्चीचा काप छान वळला आणि तरंगला. ती सगळा वेळ सोप्यात सावलीला असायची. दुसरी बरीच वर्षं परड्यात मिरच्या-पापडांची राखण करायला ठेवलेली, हे नंतर कळलं. तिच्या मागच्या दोन्ही पायांवर फडकं पांढरं झालं. भिंतीकडे असलेला पुढचा एक पाय मात्र चांगला निघाला, आणि त्याचा पुढं उपयोग झाला.

गोंद का धरत नाही

बहुतेक लोक आधी काय करतात? झटपट चिकटणारा गोंद आणतात, किंवा दोन कांड्या मळून लावायची एपॉक्सी लांबी. पाइपला, लाकडाला, लोखंडाला ती घट्ट बसते. खुर्चीवरून मात्र आठवड्याभरात अख्खीच्या अख्खी खपली निघून येते, आणि मग माल नकली होता म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात. माल नकली नसतो. पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा आहे. त्यावर पाणी पसरत नाही, तसाच गोंदही नीट पसरून धरत नाही. घासपेपरनं खरबरीत केलं तर थोडा जास्त टिकतो, पण माणसाचं वजन पेलण्याइतका नाही.

चिकटपट्टी, सुतळी आणि तारेनं केलेली शिवण यांचं कामही मर्यादित आहे. तार तडा बंद ठेवते, हे खरं. पण ती बारीक असल्यामुळं दर हेलकाव्याला भोकाची कड कापत जाते. काही महिन्यांनी भोकापासून नवा तडा सुटलेला सापडतो. खिळा ठोकून जोडणं तर सर्वांत वाईट, कारण खिळा स्वतःच पाचर मारून प्लास्टिक फाडतो.

या प्लास्टिकला धरतात दोनच गोष्टी: त्याच जातीचं वितळलेलं प्लास्टिक, आणि मोठ्या वॉशरसह नट-बोल्ट. दोन्ही मिळून वापरले तर उत्तम.

पहिल्या खुर्चीची दुरुस्ती

तडा खरोखर कुठं संपतो, हे आधी शोधायचं. डोळ्यांना दिसतो त्याच्या पुढं तो नेहमी थोडा गेलेला असतो. खुर्ची फिक्या रंगाची होती, म्हणून कपड्याची नीळ पाण्यात दाट कालवून तड्यावर चोळली आणि लगेच पुसली. नीळ भेगेत राहते आणि टोकापर्यंत निळी रेघ उमटते. खुर्ची गडद असेल तर ओल्या रांगोळीनं तेच होतं. मावशीच्या खुर्चीत ६ सेंटिमीटरचा वाटणारा तडा प्रत्यक्षात ६.५ निघाला.

त्या टोकाच्या ३-४ मिलिमीटर पुढं, तड्याच्या सरळ रेषेत, ४ मिलिमीटरचं एक भोक पाडलं. याला तडा अडवायचं भोक म्हणू. तड्याच्या टोकाशी जो ताण एका बिंदूवर गोळा होतो, तो गोल भोकाच्या कडेवर वाटला जातो आणि तडा तिथं थांबतो. ड्रिल हळू फिरवायचं. वेगात प्लास्टिक वितळून भोकाच्या कडेला गाठी धरतात. या एका भोकाशिवाय केलेली दुरुस्ती मी अर्धवट समजतो, कारण जोडाखालून तडा गुपचूप वर चढत राहतो.

नंतर पाय साबणानं धुऊन पूर्ण वाळवला. तड्यात तेल किंवा धूळ राहिली तर वितळलेलं प्लास्टिकसुद्धा मिसळत नाही. तड्याच्या दोन्ही कडा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून एकमेकींना आवळल्या, आणि बाहेरच्या बाजूनं सुरीनं तड्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच काढली, जाडीच्या निम्मी. पायाची जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास होती, म्हणजे खाच २ मिलिमीटर खोल.

भरायला पट्टी हवी ती त्याच प्लास्टिकची. इथं दुसरी खुर्ची कामी आली. तिच्या चांगल्या निघालेल्या पुढच्या पायातून काडीएवढ्या पट्ट्या कापल्या. दुचाकीचे फुटलेले प्लास्टिकचे भाग जोडणाऱ्या कारागिराकडं हे काम द्यायचं असेल तर तेवढं मात्र सांगा की भरण पॉलिप्रॉपिलीनचंच हवं. स्कूटरचे पुष्कळसे भाग एबीएस या वेगळ्या प्लास्टिकचे असतात, आणि त्याचं भरण वरून सुंदर दिसलं तरी या खुर्चीत मिसळत नाही.

६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. पॉलिप्रॉपिलीन १६०-१६५ अंशांना वितळतं, आयर्नचं टोक त्याहून बरंच गरम असतं, त्यामुळं एका जागी रेंगाळायचं नाही. खाचेच्या दोन्ही कडा ओल्या दिसतील इतक्या मऊ करायच्या आणि त्याच वेळी पट्टी दाबत पुढं जायचं. नवशिक्यांकडून नेमकं इथंच बिनसतं: पट्टी तेवढी वितळते, कडा थंडच राहतात, आणि जोड पापुद्र्यासारखा बसतो. थंड झाल्यावर सुरीच्या टोकानं उचकटून बघा. सुटून आला तर खरवडून पुन्हा करा. प्लास्टिक तपकिरी होऊन धूर आला तर ते जळालं, तेवढं काढून टाका. हे काम उघड्यावर करायचं, आणि आधी भंगाराच्या तुकड्यावर हात बसवून घ्यायचा.

नुसता हा जोड मूळ प्लास्टिकइतका पक्का होत नाही. म्हणून आतून आधार द्यावा लागतो. लोक अॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी वापरतात, चालते. पण खुर्चीचा पाय वर रुंद, खाली निमुळता, शिवाय वळणाला गोल असतो, त्यामुळं सरळ पट्टी सगळीकडं टेकत नाही. त्याहून चांगला आधार त्याच साच्यातल्या मोडक्या खुर्चीचा पाय. या खुर्च्या एकात एक बसवून रास लावता येईल अशाच घडवलेल्या असतात. म्हणजे एकीच्या पायाचा तुकडा दुसरीच्या पायात आतून थोडा वर-खाली सरकवला की एका जागी चपखल बसतो. दुसऱ्या खुर्चीच्या त्याच पुढच्या पायाचा तुकडा मागच्या पायात बसेल का, ही शंका होती. आमच्या खुर्च्यांत कडा थोड्या तासल्यावर बसला. १५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला, म्हणजे तड्याच्या टोकापुढं ८ सेंटिमीटरहून जास्त आधार मिळाला. तो जमिनीला टेकू नये म्हणून तळापासून ३-४ मिलिमीटर वर ठेवला.

मग ५ मिलिमीटरचे चार बोल्ट. पायाच्या वळणाच्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. प्रत्येक बाजूचा एक बोल्ट तड्याच्या उंचीत आणि एक अडवायच्या भोकाच्या वर. भोकं कडेपासून किमान १२ मिलिमीटर आत, नाहीतर कड फाटते. दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, आणि नट नायलॉक. हार्डवेअरच्या दुकानात नायलॉक नट मागितलं की आत नायलॉनची कडी असलेलं नट देतात, ते हलून सुटत नाही. आवळायचं किती? वॉशर सपाट टेकल्यावर पाव आटा. जोर लावून आवळलं तर वॉशरखालचं प्लास्टिक दबून तिथूनच नवी भेग निघते. शेवटी चारही पायांना रबरी बुश घातले, म्हणजे फरशीवर पाय सरकणं कमी होतं. सगळं साहित्य शंभर-दीडशे रुपयांच्या आतलं. हत्यारं घरात नसतील आणि जुनी खुर्चीही हाताशी नसेल, तर नवीच घ्या. हौस असेल त्यानंच या वाटेला जावं.

बसून बघायचं नाही

दुरुस्ती झाली की घरातला एखादा उत्साही माणूस "बघू" म्हणत धपकन बसतो. तसं करू नका. आधी पोती ठेवा. २५ किलोची तांदळाची चार पोती, म्हणजे १०० किलो, बैठकीवर रचून खुर्ची गुळगुळीत फरशीवर रात्रभर ठेवायची. खरबरीत जमिनीवर चाचणी घेतली तर पाय अडून राहतात आणि चाचणी खोटी ठरते. रात्रभर यासाठी, की पॉलिप्रॉपिलीन सततच्या ओझ्याखाली हळूहळू लांबत जातं, आणि कच्चा जोड दहा मिनिटांत बोलत नाही.

सकाळी पोती उतरवून एक पोतं वीतभर उंचीवरून बैठकीवर दोन-चारदा टाकायचं. त्यानंतर दोन पोती ठेवून एकानं पाठीला धरून खुर्ची हळूच मागं कलवायची आणि दुसऱ्यानं जोडाकडे बघायचं. पायाच्या मागं कुणी उभं राहायचं नाही. मग पुन्हा नीळ चोळायची. अडवायच्या भोकाच्या पुढं निळी रेघ दिसली, बोल्टच्या भोकापासून रेघ सुटली, किंवा जोडाच्या कडेला पांढरट पट्टा उमटला, तर ती खुर्ची बाद. मावशीची खुर्ची या सगळ्यातून नीट निघाली. तरी महिन्या-दोन महिन्यांनी नीळ चोळायची, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

पास झालेली खुर्चीसुद्धा सगळ्या कामांना नाही. सोप्यात बसून गप्पा मारायला, शेंगा फोडायला ठीक. तिच्यावर उभं राहून पंखा पुसायचा नाही, न्हाणीत आंघोळीला ती न्यायची नाही, आणि घरातल्या आज्जी-आजोबांना, गरोदर बाईला ती द्यायची नाही. तरण्या माणसाचा पडल्यावर खरचटून निभाव लागतो; म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं तर त्याचं उठणं-बसणं बदलून जातं.

दुसऱ्या खुर्चीला हात का लावला नाही

मावशीचा भाचा, म्हणजे माझा मावसभाऊ, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. तो म्हणाला, "दे इकडं, लोखंडी पट्टी मारून आणतो, हत्ती बसला तरी मोडणार नाही." पट्टी मोडणार नाही, हे मान्य. पण सांध्याशी प्लास्टिक वाकलेलं, फासळ्यांचं, सगळीकडं वेगळ्या जाडीचं असतं. सपाट पट्टी तिथं दोन-तीन ठिकाणीच टेकते. शिवाय ताठ पट्टी वाकत नाही, म्हणून वाकणं सगळं पट्टी संपते तिथं जमा होतं आणि पाय पट्टीच्या शेजारी मोडतो. त्यात बोल्टसाठी पाडलेली भोकं सगळ्यात जास्त जोर येणाऱ्या जागीच पडतात. प्लास्टिक उन्हानं मेलेलं असेल, जसं इथं होतं, तर बोलायलाच नको.

आणि हा पाय मोडतो कसा, ते बघा. मागचा पाय सांध्याशी गेला की खुर्ची एका कोपऱ्यात मागं कोसळते. माणसाचे हात त्या वेळी खुर्चीच्या हातांवर असतात, तो मागं काही धरू शकत नाही, आणि डोकं थेट फरशीवर किंवा उंबऱ्यावर जातं. तुटलेल्या पायाचं खुंट काचेसारखं धारदार असतं, ते मांडीत घुसू शकतं. तळाजवळचा तडा वाढला तर बहुधा खुर्ची आधी डुगडुगते, थोडी खचते, माणसाला उठायला सवड मिळते. दोन्ही तड्यांत माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फरक हाच.

असेच हात आणि पाठ जिथं मिळतात तिथला तडा, एकाहून जास्त पायांना गेलेले तडे, आणि पायाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त आत शिरलेला कोणताही आडवा तडा, हे सगळे त्याच खात्यात.

एक देशी तोडगा सगळीकडं दिसतो: तडकलेली खुर्ची दुसरीत घालून दोन्ही मिळून एक वापरायची. मंडपात, लग्नात जड पाहुण्यासाठी मुद्दाम तसं करतात. खालची खुर्ची धडधाकट असेल तर त्यात खोट नाही, कारण भार शेवटी तिच्याच चार पायांतून जमिनीवर जातो. पण मंडपवाल्याच्या राशीतल्या दोन तडकलेल्या खुर्च्या एकात एक घातल्या तर खालची जेवढी कच्ची तेवढीच ती जोडी कच्ची. बसण्याआधी खालचीचे मागचे सांधे वाकून बघायला पाच सेकंद लागतात.

दुसऱ्या खुर्चीचा एक पाय आम्ही कापून वापरला होताच. उरलेले तीनही करवतीनं कापून ती भंगारात दिली. अख्खी दिली असती तर भंगारवाल्याच्या वखारीत, नाहीतर रस्त्याकडेला चहाच्या गाड्यावर, कुणीतरी ती उचलून त्यावर बसलं असतं. भंगारवाला कडक प्लास्टिक किलोवर घेतो, पाय कापलेले असले तरी भाव तोच.